छोट्या व्यवसायासाठी व्हॉइसमेल ग्रीटिंग कसं रेकॉर्ड करायचं: मजकुरापासून शेवटच्या टेस्ट कॉलपर्यंत

व्हॉइसमेल ग्रीटिंगचं काम एकच असतं, समोरच्याने फोन कट न करता असा मेसेज ठेवावा की जो ऐकून तुम्हाला त्याला परत फोन करता येईल. जाहिरात, आभार, कंपनीची माहिती हे सगळं या कामाच्या आड येतं. बऱ्याच ग्रीटिंग्ज फसतात त्या आवाज वाईट असतो म्हणून नाही, तर लिहितानाच त्यात चार कामं कोंबलेली असतात म्हणून. त्यामुळे आपण आधी मजकूर नीट करू आणि मग रेकॉर्डिंगकडे जाऊ. मजकूर लांबलेला असेल तर कितीही गोड आवाजात वाचा, माणूस मधेच फोन ठेवतो.

उदाहरण म्हणून घरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करून देणारा एकटा माणूस घेऊ. हा दिवसभर कुणाच्या तरी घरी मशीन उघडून बसलेला असतो, हात ओले किंवा ग्रीसचे, फोन खिशात वाजत राहतो, त्यामुळे याला व्हॉइसमेल खरंच लागतो. व्यवसायाचं नाव ‘अमुक वॉशिंग मशीन रिपेअर’ असं धरू. असा माणूस पहिल्यांदा ग्रीटिंग लिहायला बसला की साधारण हे लिहितो:

“नमस्कार, अमुक रिपेअर सर्व्हिसेसमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आमच्याकडे सर्व प्रकारच्या वॉशिंग मशीनची दुरुस्ती, देखभाल आणि इन्स्टॉलेशन खात्रीशीरपणे करून मिळेल. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. सध्या आमचे सर्व प्रतिनिधी इतर ग्राहकांशी बोलण्यात व्यस्त असल्यामुळे आम्ही आपला कॉल घेऊ शकत नाही. कृपया बीपनंतर आपलं नाव, मोबाइल क्रमांक, संपूर्ण पत्ता, मशीनची कंपनी, मॉडेल आणि तक्रारीचं स्वरूप सविस्तर नोंदवावं, आम्ही लवकरात लवकर आपल्याशी संपर्क साधू. धन्यवाद, आपला दिवस शुभ असो.”

मोजा, हे 68 शब्द आहेत. फोनवर नीट कळेल अशा वेगाने बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे हे अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं. आणि फोन करणारा तिकडे बाथरूममध्ये पाणी पसरलंय म्हणून घाबरलेला आहे.

आता एकेक वाक्य घेऊन विचारा की हे काढलं तर फोन करणाऱ्याचं काय अडेल. स्वागत काढलं तर काही अडत नाही. सेवांची यादी काढली तरी नाही, त्याने नंबर शोधूनच फोन केलाय, तुम्ही मशीन दुरुस्त करता हे त्याला माहितीये. ‘कॉल महत्त्वाचा आहे’ हे तर उलट चिडवतं, कारण महत्त्वाचा आहे म्हणता आणि उचलत तर नाही. ‘सर्व प्रतिनिधी’ हे सरळ सरळ खोटं आहे, माणूस एकटा आहे आणि ग्राहकाला ते पहिल्या भेटीतच कळणार आहे. एकटे असाल तर ‘मी’ म्हणा, त्यात काही कमीपणा नाही, उलट मशीन खोलून बघणारा माणूसच स्वतः फोन करणार आहे हे ऐकून लोकांना बरं वाटतं.

मग माहिती. पत्ता, कंपनी, मॉडेल हे सगळं तुम्ही परत फोन कराल तेव्हा विचारताच. मेसेजमध्ये फक्त ते मागा ज्याच्याशिवाय परत फोन करता येणार नाही, आणि वर एखादी अशी गोष्ट की जिच्यावरून कुणाला आधी फोन करायचा ते ठरेल. आपल्या माणसासाठी ते होतं नाव, नंबर आणि मशीनला काय झालंय. तिसरी गोष्ट का, तर ‘पाणी गळतंय’ आणि ‘फिरताना आवाज येतोय’ यात पाणीवाल्याला आधी फोन करायला हवा. नंबर तर स्क्रीनवर दिसतोच असं वाटेल, पण माणूस ऑफिसच्या फोनवरून करत असतो, नंबर लपवलेला असतो, किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून करतो, म्हणून मागून घ्या. तीनपेक्षा जास्त गोष्टी मागितल्या की ऐकणारा बीप वाजेपर्यंत अर्ध्या विसरतो आणि ‘अं… हॅलो…’ करून फोन ठेवतो.

पुढचा मुद्दा ‘लवकरात लवकर’. याचा अर्थ कुणालाच लागत नाही, दहा मिनिटं की दोन दिवस? फोन करणारा त्या क्षणी एकच ठरवत असतो, इथे मेसेज ठेवून थांबू की यादीतल्या पुढच्या दुकानाला फोन करू. त्याला वेळ दिली तर तो थांबतो. पण वेळ अशी द्या जी तुम्ही वाईटातल्या वाईट दिवशीपण पाळू शकाल, ‘अर्ध्या तासात करतो’ असं रेकॉर्ड करून ठेवलं आणि एखाद्या दिवशी जमलं नाही की त्या ग्राहकापुढे तुमचा शब्द पहिल्याच वेळी मोडला. आणि रात्री फोन केलेल्याचं काय, तेपण त्यातच सांगा, नाहीतर रात्री अकराला ‘आज संध्याकाळपर्यंत’ ऐकून माणूस गोंधळतो.

कापून, जोडून हे असं झालं:

“नमस्कार, अमुक वॉशिंग मशीन रिपेअर. आत्ता फोन घेता येत नाहीये. तुमचं नाव, नंबर आणि मशीनला काय झालंय ते सांगा. संध्याकाळी सातच्या आत मी स्वतः फोन करेन. सातनंतर केला असेल तर सकाळी करेन. बीप वाजली की बोला.”

36 शब्द, पॉज धरून सतरा-अठरा सेकंद. पंधरा ते वीस सेकंदांच्या मध्ये राहिलात की पुरे. यात अजून एक गडबड आहे ती टेस्टमध्ये सापडेल, तिकडे येऊच.

भाषेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो कारण मैत्रीपूर्ण वाटणं हे अर्धं इथेच ठरतं. आपण लिहायला बसलो की हात आपोआप ‘आपण’, ‘नोंदवावं’, ‘संपर्क साधू’ याकडे जातो आणि ते स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं होतं. तुम्ही ग्राहकाशी समोरासमोर जे बोलता तेच लिहा, ‘सांगा’, ‘फोन करेन’, ‘बोला’. ‘तुम्ही’ म्हटल्याने आदर कमी होत नाही. दुसरं म्हणजे मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की ऐकणाऱ्याला नेमकं काय करायचंय ते सगळ्यात शेवटी कळतं आणि तोवर तो यादी डोक्यात धरून बसलेला असतो. कागदावर डोळा मागे नेता येतो, फोनवर नाही. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ‘असल्यामुळे’, ‘जेणेकरून’ वाली वाक्यं फोडून टाका.

व्यवसायाचं नाव नमस्कारनंतर लगेच, पहिल्या दोन-तीन सेकंदांत यायला हवं. माणसाला सगळ्यात आधी हेच हवं असतं की नंबर बरोबर लागलाय ना.

रेकॉर्ड करण्याआधी फोनचा आवाज समजून घ्या

आता रेकॉर्डिंग. साध्या फोन कॉलमधून आवाजाचा फक्त मधला पट्टा जातो, साधारण 300 ते 3400 हर्ट्झ. खालचा भरदारपणा जातो आणि वरची धार जाते. नवीन एचडी कॉलमध्ये पट्टा बराच रुंद असतो, 7000 हर्ट्झच्या आसपास, पण व्हॉइसमेलच्या सिस्टिम बऱ्याचदा जुन्या अरुंद पट्ट्यावरच चालतात, त्यामुळे तयारी अरुंद पट्ट्याची करा.

याचा बोलण्यावर परिणाम असा की स, श, फ या अक्षरांची ओळख पटवणारा बराचसा आवाज वरच्या भागात असतो आणि तोच कापला जातो. फोनवर आपण नाव सांगताना ‘स, सशाचा स’ असं करतो ते याच्याचमुळे. तुमच्या व्यवसायाच्या नावात ही अक्षरं असतील तर ती बाकी वाक्यापेक्षा थोडी सावकाश आणि ठळक बोलायला लागतात, जोरात नाही, सावकाश. आणि शब्दांचे शेवट खाऊ नका, ‘सांगा’ मधला ‘गा’ पूर्ण येऊ द्या.

पार्श्वसंगीत टाकू नका. हे मी आग्रहाने सांगतोय कारण बऱ्याच जणांना तेच प्रोफेशनल वाटतं. मोबाइल नेटवर्क आवाज दाबून कमी डेटात बसवण्यासाठी जी पद्धत वापरतं ती माणसाच्या बोलण्यावर बेतलेली असते, संगीत तिला नीट झेपत नाही, त्यामुळे तुमच्या कॉम्प्युटरवर छान वाजणारी बासरी समोरच्याला पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येते आणि सोबत तुमचे शब्दपण खराब होतात.

जागा आणि माइक

महागडा माइक लागत नाही, स्मार्टफोनचं व्हॉइस रेकॉर्डर ॲप पुरतं. जागा मात्र नीट निवडा. रिकाम्या भिंतींच्या खोलीत, बाथरूममध्ये, टाइल्सच्या दुकानात आवाज परत परत आदळतो आणि फोनवर तो घुमल्यासारखा येतो, तो नंतर काढता येत नाही. गाद्या, पडदे, कपडे असलेली झोपायची खोली उत्तम, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोललात तर अजून छान. टाळी वाजवून बघा, टाळीनंतर ‘ट्रांग’ असा शेपटीसारखा आवाज उरत असेल तर दुसरी जागा बघा. पंखा, एसी बंद, खिडकी बंद, फोन एअरप्लेन मोडवर म्हणजे मधे कॉल येणार नाही. बंद गाडीतपण चांगलं रेकॉर्ड होतं, इंजिन बंद हवं फक्त.

फोन तोंडापासून एक वीतभर लांब धरा, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर, आणि अगदी समोर नको, थोडा बाजूला. समोर धरला की प, फ, भ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळून ‘भप्प’ असा आवाज येतो. खूप लांब धरला की खोली ऐकू यायला लागते. माइक कुठे आहे ते बघून घ्या, बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला असतो आणि लोक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

व्हॉइसमेलला फोन लावून त्यातच ग्रीटिंग बोलता येतं, आणि काही सिस्टिममध्ये तयार फाइल अपलोड करता येते. अपलोडची सोय असेल तर तीच वापरा. फोनवरून बोललात तर तुमचा आवाज एकदा नेटवर्कवर दाबला जाऊन साठतो आणि ऐकवताना परत दाबला जातो, दोनदा खराब होतो. फोनवरूनच करावं लागणार असेल तर जिथे रेंज पूर्ण आहे तिथे उभे राहा, आणि स्पीकर किंवा ब्लूटूथ न वापरता फोन कानाला लावून बोला.

बोलायचं कसं

उभं राहून बोला. बसलं की पोट दबतं, श्वास अर्धा राहतो आणि वाक्याचा शेवट खाली पडतो. मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवा, हातात कागद धरला की मान खाली जाते आणि कागद खसखसतो.

हसून बोला हे सगळेच सांगतात, त्यामागे कारण आहे. ओठ ताणले गेले की तोंडाची पोकळी पुढून थोडी आखूड होते आणि आवाज जरा उजळ होतो, अरुंद पट्ट्यातूनही तो फरक बराचसा पोचतो. पण पूर्ण वेळ दात दाखवून बोललात तर शब्द चपटे होतात आणि खोटं वाटतं. ‘नमस्कार’ आणि ‘मी स्वतः फोन करेन’ या दोन जागी हसू असू द्या, मधली माहिती साध्या आवाजात. एक युक्ती चांगली चालते, तुमचा एखादा आवडता जुना ग्राहक डोळ्यांसमोर आणा आणि त्यालाच सांगताय असं बोला. ‘सगळ्यांना’ बोलायला गेलं की आवाज सभेत बोलल्यासारखा होतो.

पॉज महत्त्वाचे. नावानंतर एक पूर्ण क्षण थांबा. ‘नाव, नंबर’ मधे छोटा थांबा. वेग वाढतोय का ते कळत नसेल तर घड्याळ लावा, 36 शब्द बारा-तेरा सेकंदांत संपले तर तुम्ही पळताय.

रेकॉर्डिंग सुरू केल्यावर अर्धा सेकंद गप्प राहा, मग ‘नमस्कार’. कॉल जोडला जाताना पहिला तुकडा बऱ्याचदा कापला जातो आणि मग समोरच्याला ‘…स्कार’ ऐकू येतं. उलट शेवटी मात्र शांतता ठेवू नका, ‘बोला’ नंतर फार तर अर्धा सेकंद. तिथे तीन-चार सेकंद रिकामे राहिले की लोक बीपच्या आधीच बोलायला लागतात आणि त्यांचं नाव, म्हणजे जे सगळ्यात गरजेचं, तेच रेकॉर्ड होत नाही. ‘मेसेजमध्ये नाव येत नाही’ अशी अडचण वारंवार येत असेल तर आधी हे तपासा.

तीन-चार टेक सलग घ्या आणि मग थांबून ऐका. प्रत्येक टेकनंतर ऐकत बसलात तर आवाज दर वेळी जास्त जपून, जास्त कडक होत जातो. साधारण दुसरा-तिसरा टेक चांगला निघतो, पहिल्यात धाक असतो आणि नंतर कंटाळा.

फाइल तयार करणं

अपलोड करणार असाल तर सिस्टिम कोणती फाइल घेते ते तिच्या सेटिंगच्या पानावर बघा. काही ठिकाणी एमपी३ चालते, काही ठिकाणी फक्त वेव्ह, आणि जुन्या फोन सिस्टिमना बऱ्याचदा मोनो, 8000 हर्ट्झ, 16 बिट वेव्ह लागते. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना चॅनल मोनो, सॅम्पल रेट 8000 आणि `Signed 16-bit PCM` निवडा. कमांड लाइन येत असेल तर एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i greeting.m4a -ac 1 -ar 8000 -c:a pcm_s16le greeting.wav
```

ही फाइल बनवून ऐकाच, कारण सॅम्पल रेट 8000 केला की आवाजाचा त्याच्या निम्म्यापर्यंतचाच पट्टा उरतो, वरची धार आपोआप कापली जाते आणि ग्राहकाला साधारण कसं ऐकू जाईल ते घरबसल्या कळतं. आवाजाची लाट बघाल तर सगळ्यात उंच टोकं वरच्या कडेला टेकता कामा नयेत, तिथे टेकली म्हणजे आवाज फाटलाय आणि तो टेक परत घ्यावा लागतो. आवाज कमी असेल तर वाढवता येतो, फाटलेला जोडता येत नाही. गोंगाट काढायचे फिल्टर फार लावू नका, ते शब्दांचे हलके शेवटपण गिळतात.

टेस्ट

ग्रीटिंग चढवल्यावर दुसऱ्या फोनवरून स्वतः फोन करा. आणि मग अशा कुणाला तरी करायला सांगा ज्याला तुमचा मजकूर माहीत नाही. त्याला रस्त्यावर किंवा टीव्ही चालू असलेल्या खोलीत उभं करा आणि एकदाच ऐकून तीन गोष्टी कागदावर लिहायला सांगा, व्यवसायाचं नाव काय, मेसेजमध्ये काय सांगायचंय, परत फोन कधी येणार. तुम्ही शेजारी उभं राहून समजावू नका.

आपल्या उदाहरणात इथेच ती गडबड सापडते. ऐकणारा लिहितो, ‘आठच्या आत फोन येणार’. ‘सात’ मधला स फोनवर विरला की ‘आत’ उरतो, आणि तो ‘आठ’ च्या इतका जवळ आहे की गोंगाटात फरक कळत नाही, त्यात पुढे लगेच ‘आत’ हाच शब्द आहे. आता जोर देऊन ‘स्सात’ म्हणता येईल पण ते विचित्र वाटतं. त्यापेक्षा घड्याळातली वेळच काढून टाकली तर बरं, कारण ग्राहकाला सात की आठ याने फरक पडत नाही, आज की उद्या याने पडतो. म्हणून शेवटचा मजकूर:

“नमस्कार, अमुक वॉशिंग मशीन रिपेअर. आत्ता फोन घेता येत नाहीये. तुमचं नाव, नंबर आणि मशीनला काय झालंय ते सांगा. संध्याकाळपर्यंत मी स्वतः फोन करेन. रात्री फोन केला असेल तर सकाळी करेन. बीप वाजली की बोला.”

ग्रीटिंगमध्ये दुसरा नंबर द्यावाच लागत असेल तर हाच धोका दहापट होतो. तेव्हा एकेक अंक सुटा बोला, तीन-तीन किंवा चारच्या गटात थांबून, आणि पूर्ण नंबर दोनदा. ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’ असे जोडअंक फोनवर अजिबात नको. शक्य असेल तर नंबर देऊच नका, कुणाच्या हातात पेन नसतं.

टेस्ट करताना शेवटपर्यंत जा, बीप ऐका, मेसेज ठेवा, आणि तो तुमच्याकडे पोचतोय का ते बघा. मेलबॉक्स भरलेला असला की छान ग्रीटिंगनंतर ‘मेसेज ठेवता येणार नाही’ असं मशीन सांगतं, आणि तुम्हाला ते कधीच कळत नाही कारण कुणी सांगायला परत फोन करत नाही. जुने मेसेज पुसत राहा आणि महिन्यातून एकदा स्वतःलाच फोन लावून बघा.

सुट्टीचं ग्रीटिंग वेगळं रेकॉर्ड करा, नेहमीच्यात ‘सध्या आम्ही बाहेरगावी’ असं जोडू नका. त्यात परत येण्याचा दिवस एकदा सांगा आणि ग्राहक तातडीचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ शकतात असं मोकळेपणाने म्हणा. नेहमीच्या ग्रीटिंगची फाइल आणि मजकूर जपून ठेवा म्हणजे सुट्टीवरून आल्यावर परत रेकॉर्ड करायला लागणार नाही, आणि परत येण्याच्या दिवशी सकाळचा अलार्म लावूनच जा, नाहीतर काम सुरू होऊन आठवडा झाला तरी फोनवर तुम्ही सुट्टीवरच असता.